फोटोतली द्विमार्गी वारंवारता सारणी वाचून संभाव्यता कशी काढावी

नोकरी सांभाळून पदवीचा सांख्यिकीचा पेपर देताना माझा निम्म्याहून अधिक अभ्यास फोटोंवरून झाला. कामाचे ठिकाण तुर्भ्याला, घर ऐरोलीला आणि संध्याकाळचा वर्ग ठाण्यात असल्यामुळे अनेकदा वर्ग चुकत असे, आणि मग सोबतच्या कुणीतरी फळ्याचा, वहीचा किंवा भिंतीवरच्या तक्त्याचा फोटो पाठवत असे. द्विमार्गी वारंवारता सारणीवरची, म्हणजे ओळींत एक गुण आणि स्तंभांत दुसरा गुण घेऊन संख्या मांडलेल्या सारणीवरची, गणिते मी याच फोटोंवरून शिकले, आणि माझ्या बहुतेक चुका सूत्रांत नव्हे, तर सूत्रापर्यंत पोहोचण्याआधीच झाल्या. कधी अंक चुकीचा वाचला गेला, तर कधी छेद चुकीचा निवडला गेला. या दोन्ही चुका टाळता याव्यात म्हणून मी अजूनही जो क्रम पाळते, तो पुढे मांडत आहे.

उदाहरण म्हणून एकच सारणी शेवटपर्यंत वापरली आहे. ऐरोलीतल्या एका कल्पित महाविद्यालयात एका सकाळी पहिल्या तासाला आलेल्या विद्यार्थ्यांची ती नोंद आहे, असे धरून चालू. आकडे सरावासाठी रचलेले आहेत. त्यांच्यावरून लोकल किंवा बस यांच्याविषयी कोणतेही अनुमान काढू नये.

हाताशी काय असावे

मूळ फोटो, प्रश्नाचे पूर्ण वाक्य, सारणीचे शीर्षक, वही, पेन्सिल, पट्टी आणि साधा कॅल्क्युलेटर एवढे पुरते. यांपैकी प्रश्नाचे वाक्य आणि शीर्षक या दोन गोष्टी बहुतेक वेळा फोटोत नसतात, आणि नेमक्या त्यांच्यावरच उत्तर अवलंबून असते. फोटो व्हॉट्सॲपवर मागवत असाल, तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावे. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, आणि त्यात अंकांच्या बारीक रेषा प्रथम पुसट होतात.

## १. अंकांकडे जाण्याआधी फोटोच्या चार कडा पाहा

सारणीच्या चारही बाजूंची चौकट फोटोत पूर्ण आली आहे का, हे सर्वांत आधी तपासावे. उजवीकडचा ‘एकूण’ हा स्तंभ आणि खालची ‘एकूण’ ही ओळ या दोन जागा फोटोबाहेर राहण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण फोटो काढणाऱ्याचे लक्ष मधल्या आकड्यांवर असते. बेरजा आपण स्वतः करून घेऊ, असे त्या वेळी वाटते. परंतु छापलेली किंवा लिहिलेली बेरीज ही केवळ सोय नसते. आपण वाचलेले आकडे खरे आहेत की नाहीत, याची ती एकमेव स्वतंत्र साक्ष असते. आपण वाचलेल्याच आकड्यांची आपणच केलेली बेरीज आपली चूक कधीही दाखवू शकत नाही. म्हणून बेरजेची ओळ कापली गेली असेल, तर पुन्हा फोटो मागवण्याचा संकोच करू नये.

त्यानंतर आकडे कशाचे आहेत ते पाहावे. शीर्षकात ‘विद्यार्थी संख्या’ असेल, तर ती वारंवारता आहे. ‘टक्के’ असेल, तर पुढची रीत बदलते; त्याविषयी शेवटी लिहिले आहे.

फोटो तिरका असेल, तर डोळा एका ओळीतून खालच्या ओळीत नकळत घसरतो. लोकलच्या नावापुढून निघालेली नजर उजवीकडे पोहोचेपर्यंत बसच्या आकड्यावर गेलेली असते. फोनमधल्याच सोयीने फोटो सरळ करून घ्यावा, किंवा पडद्यावर पट्टी आडवी धरून एकेक ओळ वाचावी. मात्र फोटोचे रंग काढून तो काळापांढरा करण्याची घाई करू नये, कारण पेन्सिलीने लिहिलेले फिकट अंक त्या रूपांतरात अर्धवट नाहीसे होऊ शकतात.

## २. सारणी वहीत उतरवून घ्या

फोटोत पाहत पाहत थेट गणित करू नये. संपूर्ण सारणी वहीत काढून घ्यावी आणि त्यानंतर फक्त वहीवरूनच काम करावे. आपली सारणी अशी आहे:

| येण्याचे साधन | वेळेवर | उशिरा | एकूण |
|---|---|---|---|
| लोकल | ८४ | ३६ | १२० |
| बस | ५० | ३० | ८० |
| चालत | ३१ | ९ | ४० |
| एकूण | १६५ | ७५ | २४० |

उतरवताना जो अंक स्पष्ट दिसत नाही, तिथे अंदाजाने आकडा भरू नये, प्रश्नचिन्ह लिहावे. रिकामी चौकट आणि शून्य यांतही फरक करावा. शून्य म्हणजे असे विद्यार्थी मोजले आणि एकही आढळला नाही. रिकामी चौकट म्हणजे नोंद झाली नाही किंवा दिसत नाही. चौकटीत आडवी रेघ असेल, तर ती या दोहोंपैकी काय सुचवते, हे सारणी लिहिणाऱ्यालाच विचारावे लागते.

वहीत ‘एकूण’ची ओळ आणि स्तंभ यांच्या आधी मी नेहमी दुहेरी रेघ ओढते. सुरुवातीला मला ही औपचारिकता वाटत असे. पण एका सरावपत्रिकेत मी छेदासाठी सारणीतल्या सगळ्याच आकड्यांची बेरीज केली, बेरजांसकट. ती ९६० आली, म्हणजे २४० च्या बरोबर चौपट: एकदा मधल्या चौकटी, एकदा ओळींच्या बेरजा, एकदा स्तंभांच्या बेरजा आणि एकदा एकूण बेरीज. माझी प्रत्येक संभाव्यता खऱ्या उत्तराच्या पावपट झाली होती आणि तरीही ती शून्य व एक यांच्या मध्येच असल्यामुळे मला शंका आली नाही. दुहेरी रेघेच्या पलीकडची ‘एकूण’ ही विद्यार्थ्यांची आणखी एक जात नव्हे, हे डोळ्यांना सतत दिसत राहिले पाहिजे.

## ३. ताळा दोन्ही दिशांनी पाहा

माझ्या मते हीच पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, आणि हीच बहुतेक जण अर्धी करतात.

देवनागरी हस्ताक्षरात १ आणि ९ यांची गल्लत सहज होते. घाईत लिहिलेल्या ९ ची गाठ फोटोत पुसट झाली, की तो १ वाटतो. काही जणांच्या हातचा १ इतका गाठीचा असतो, की तो ९ वाटतो. आता समजा, आपली सारणी लिहिणाऱ्याचे वळण असेच आहे आणि तुम्ही ‘चालत’ ही ओळ ३१ आणि ९ अशी न वाचता ३९ आणि १ अशी वाचलीत. आडवी बेरीज करून पाहा. ३१ अधिक ९ बरोबर ४०, आणि ३९ अधिक १ देखील ४०. ओळीचा ताळा जुळतो. सहाही चौकटींची बेरीज करा, ती २४० येते. एकूण बेरीजही जुळते. दोन अंक चुकले आहेत, आणि दोन ताळ्यांनी त्यांना खरे ठरवले आहे.

फरक किती पडतो ते पाहू. चालत येणाऱ्यांपैकी एखादा विद्यार्थी उशिरा आलेला असण्याची संभाव्यता खरी ९/४०, म्हणजे ०.२२५ आहे. चुकीच्या वाचनाने ती १/४०, म्हणजे ०.०२५ होते. उत्तर नऊ पटींनी बदलले, आणि चुकीचे उत्तर दिसायला मात्र अगदी सुसंगत आहे, कारण चालत येणारा सहसा उशीर करत नाही, असे आपल्याला वाटतच असते.

ही चूक फक्त उभ्या ताळ्यात उघडी पडते. वेळेवर आलेल्यांचा स्तंभ ८४, ५० आणि ३९ मिळून १७३ होतो, तर लिहिलेली बेरीज १६५ आहे. उशिरा आलेल्यांचा स्तंभ ३६, ३० आणि १ मिळून ६७ होतो, तर लिहिलेली बेरीज ७५ आहे. एका स्तंभात ८ जास्त, दुसऱ्यात ८ कमी. खालची ओळ फोटोत कापली गेली असती, तर ही चूक शोधण्याचा बेरजेचा कोणताही मार्ग उरला नसता. पहिल्या पायरीत कडांवर एवढा भर दिला, त्याचे कारण हेच आहे.

फरकाचा आकडा चुकीच्या जातीविषयीही बरेच सांगतो. फरक ८ किंवा ८० असेल, तर १ आणि ९ यांची गल्लत आधी शोधावी. सारणी इंग्रजी अंकांत असेल आणि फरक ६ किंवा ६० असेल, तर 1 आणि 7 तपासावेत. फरक ५ किंवा ५० असेल, तर 3 आणि 8 तपासावेत. फरकाला ९ ने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटसुलट लिहिले गेले असण्याची शक्यता असते, जसे ३६ च्या जागी ६३ लिहिल्यास फरक २७ येतो. ही केवळ शोधाची दिशा आहे, पुरावा नव्हे. अंक बदलल्यानंतर ओळ आणि स्तंभ दोन्ही जुळले, तरच तो बदल स्वीकारावा.

बेरजेची ओळ खरोखरच मिळणार नसेल, तर एक शेवटचा उपाय आहे, तो म्हणजे त्याच हाताचा निश्चित अंक शोधणे. लोकलच्या ओळीतल्या एकूण १२० मध्ये पहिला अंक १ च आहे, कारण ८४ अधिक ३६ बरोबर १२०, आणि तो ९ मानला तर बेरीज ९२० होईल, जी अशक्य आहे. आता त्या १ चे वळण मोठे करून पाहावे आणि ते ‘चालत’च्या ओळीतल्या संशयित अंकांशी ताडून पाहावे. ज्या अंकाचे वळण त्याच्याशी जुळेल, तो १. मला या रीतीने दोनतीनदा सारणी सोडवता आली आहे, परंतु अशा वेळी उत्तराबरोबर ‘हा अंक वळणावरून ठरवला आहे’ अशी नोंद मी अवश्य करते.

## ४. झाकलेली चौकट कधी काढता येते आणि कधी नाही

फोटोत बोट, सावली किंवा दिव्याची चकाकी आल्यामुळे एखादी चौकट झाकली जाते. बेरजा उपलब्ध असतील, तर एका ओळीतली किंवा एका स्तंभातली एकच झाकलेली चौकट वजाबाकीने निघते. ३० दिसत नसेल, तर ८० मधून ५० वजा करावेत आणि लगेच उभ्या दिशेने, ७५ मधून ३६ आणि ९ वजा करून, तेच उत्तर येते का ते पाहावे. उशिरा आलेल्यांचा संपूर्ण स्तंभ झाकला असला तरी हरकत नाही, कारण प्रत्येक ओळीत एकच चौकट अज्ञात राहते.

मात्र झाकलेल्या चार चौकटी आयताचे चार कोपरे होत असतील, तर बेरजा सगळ्या दिसत असूनही सारणी पूर्ण करता येत नाही. समजा बस आणि चालत या दोन्ही ओळींतल्या चारही चौकटी झाकल्या गेल्या. उशिरा आलेल्या ७५ पैकी लोकलचे ३६ गेले, की ३९ उरतात, आणि ते बसचे व चालत येणाऱ्यांचे मिळून आहेत, एवढेच कळते. त्यांत बसचे ३० असू शकतात, १० असू शकतात, किंवा शून्यापासून ३९ पर्यंत कितीही असू शकतात. प्रत्येक पर्यायात बाकीच्या तीन चौकटी अशा भरता येतात, की सगळ्या बेरजा जुळतात. अशा वेळी ३९ चे आपल्या मनाने दोन भाग पाडून पुढे जाणे हा मोह टाळावा. ज्या प्रश्नांना या चौकटी लागत नाहीत, ते मात्र सोडवता येतात: उशिरा येण्याची सीमांत संभाव्यता, म्हणजे साधनाचा विचार न करता सर्व २४० जणांतून काढलेली, काढता येईल, लोकलसंबंधीच्या सर्व संभाव्यता काढता येतील, आणि बसविषयीची सशर्त संभाव्यता, म्हणजे फक्त बसने येणाऱ्यांतून काढलेली उशिराची संभाव्यता, काढता येणार नाही, हे स्पष्ट लिहावे.

## ५. प्रश्नातला ‘पैकी’ शोधा

आकडे पक्के झाले, की उरलेले सर्व काम छेद ठरवण्याचे आहे. सीमांत, संयुक्त आणि सशर्त या तीनही प्रकारच्या संभाव्यतांमध्ये सारणी तीच असते, आणि अनेकदा अंशही तोच असतो. बदलतो तो छेद. म्हणून मी प्रश्न वाचताना आधी एवढेच विचारते, की विद्यार्थी कोणत्या गटातून निवडला जात आहे?

याबाबतीत मराठी आपल्याला एक मोठी मदत करते. ‘पैकी’ हा शब्द ज्या शब्दाला चिकटतो, तो गट छेदात जातो. ‘लोकलने येणाऱ्यांपैकी एकाची निवड केली, तर तो उशिरा आलेला असण्याची संभाव्यता’ या वाक्यात ‘पैकी’ लोकलच्या गटाला लागला आहे, म्हणून छेद १२०. ‘उशिरा आलेल्यांपैकी एकाची निवड केली, तर तो लोकलने येणारा असण्याची संभाव्यता’ यात तो उशिरा आलेल्यांना लागला आहे, म्हणून छेद ७५. दोन्हीकडे अंश ३६ च आहे, कारण दोन्ही प्रश्न त्याच ३६ विद्यार्थ्यांविषयी आहेत. ‘पैकी’ नसेल, तर ‘विद्यार्थी लोकलने येतो हे माहीत असताना’ किंवा ‘निवडलेला विद्यार्थी उशिरा आला असेल, तर’ अशा शब्दरचना पाहाव्यात. जी गोष्ट आधीच माहीत आहे असे सांगितले आहे, तिचा गट छेदात जातो.

सर्वांत फसवी रचना वेगळीच आहे. ‘लोकलने येणारा आणि उशिरा आलेला विद्यार्थी निवडला जाण्याची संभाव्यता’ यात कोणतीही अट दिलेली नाही. निवड सर्व २४० जणांतून आहे आणि दोन्ही गुण एकाच विद्यार्थ्यात हवे आहेत. ही संयुक्त संभाव्यता झाली. ‘लोकलने येणारा विद्यार्थी उशिरा आलेला असण्याची संभाव्यता’ हे वाक्य जवळजवळ तसेच दिसते, परंतु यात विद्यार्थी लोकलने येणारा आहे हे गृहीत धरलेले आहे आणि प्रश्न फक्त उशिराचा आहे, म्हणून ती सशर्त संभाव्यता आहे. एका ‘आणि’ने छेद १२० चा २४० होतो. प्रश्न कुणी तोंडी सांगितला असेल किंवा फोटोत अर्धाच आला असेल, तर हा ‘आणि’ होता की नव्हता, हे विचारल्याशिवाय मी गणिताला हात लावत नाही.

## ६. आता तीनही संभाव्यता काढा

सीमांत संभाव्यतेत एकाच गुणाचा विचार असतो, दुसरा गुण पूर्णपणे बाजूला ठेवलेला असतो. तिचा अंश सारणीच्या कडेला, दुहेरी रेघेपलीकडे सापडतो, आणि छेद २४० असतो.

```
P(उशिरा) = ७५/२४० = ०.३१२५
P(लोकल) = १२०/२४० = ०.५
```

संयुक्त संभाव्यतेत दोन गुण एकत्र लागतात. तिचा अंश आतल्या चौकटीत असतो आणि छेद पुन्हा २४० च.

```
P(लोकल आणि उशिरा) = ३६/२४० = ०.१५
```

सशर्त संभाव्यतेत अंश आतल्या चौकटीतला आणि छेद कडेचा असतो. ती काढताना मी वहीतल्या सारणीवर कागदाची पट्टी ठेवून अटीबाहेरच्या ओळी किंवा स्तंभ झाकून टाकते. लोकल ही अट असेल, तर लोकलची एकच ओळ उघडी राहते. त्या ओळीपुरते १२० हेच सगळे जग असते.

```
P(उशिरा | लोकल) = ३६/१२० = ०.३
P(लोकल | उशिरा) = ३६/७५ = ०.४८
```

उभ्या रेघेनंतर लिहिलेला गुण म्हणजे अट, म्हणजेच छेदाचा गट. हे चिन्ह डावीकडून उजवीकडे वाचण्याच्या सवयीमुळे पुष्कळ जण डावीकडच्या गुणाला छेद मानतात. मी ते वाचताना ‘लोकलपैकी उशिरा’ असे उलटे वाचते, म्हणजे ‘पैकी’ योग्य जागी पडतो.

या दोन सशर्त संभाव्यतांची अदलाबदल झाली, की निष्कर्ष उलटा होऊ शकतो. वर्गशिक्षकांनी विचारले, की कोणत्या साधनाने येणारे विद्यार्थी उशिरा येण्याची शक्यता जास्त आहे? उशिरा आलेल्या ७५ जणांत लोकलचे ३६, बसचे ३० आणि चालत येणारे ९ आहेत. त्यावरून लोकल, असे उत्तर द्यावेसे वाटते, कारण ०.४८ ही ०.४० आणि ०.१२ यांपेक्षा मोठी आहे. पण प्रश्न त्या दिशेचा नाही. साधन दिले आहे आणि उशीर विचारला आहे, म्हणून प्रत्येक ओळीत तिचा स्वतःचा छेद घ्यावा लागतो. लोकलसाठी ३६/१२० म्हणजे ०.३, बससाठी ३०/८० म्हणजे ०.३७५ आणि चालत येणाऱ्यांसाठी ९/४० म्हणजे ०.२२५ येते. या सारणीत उशिराची शक्यता बसने येणाऱ्यांची सर्वाधिक आहे. उशिरा आलेल्यांत लोकलचे विद्यार्थी संख्येने जास्त दिसतात, कारण मुळात लोकलने येणारेच निम्मे आहेत.

## ७. उत्तरांचाही ताळा पाहा, पण योग्य ठिकाणी

सहाही संयुक्त संभाव्यतांची बेरीज १ आली पाहिजे. एकाच अटीखालच्या सशर्त संभाव्यतांची बेरीजही १ येते: उशिरा आलेल्यांपैकी लोकल, बस आणि चालत यांच्या ०.४८, ०.४० आणि ०.१२ मिळून १ होतात; लोकलपैकी उशिरा ०.३ आणि वेळेवर ०.७ मिळून १ होतात.

परंतु ०.३, ०.३७५ आणि ०.२२५ यांची बेरीज ०.९ आहे, आणि ती १ नाही म्हणून घाबरू नये. या तिघांच्या अटी वेगळ्या आहेत, छेद वेगळे आहेत, त्यामुळे त्यांची बेरीज १ येण्याचे काहीच कारण नाही. मी एकदा परीक्षेत अशी बेरीज १ करण्यासाठी बरोबर असलेली उत्तरे खोडून बदलली होती.

याच तीन आकड्यांची साधी सरासरी ०.३ येते, आणि ती म्हणजेच P(उशिरा), असे समजण्याची चूकही होते. खरी सीमांत संभाव्यता ०.३१२५ आहे. तिन्ही गट सारखे नाहीत, म्हणून प्रत्येक सशर्त संभाव्यतेला तिच्या गटाच्या वाट्याने गुणूनच बेरीज करावी लागते:

```
P(उशिरा) = (१२०/२४०)×०.३ + (८०/२४०)×०.३७५ + (४०/२४०)×०.२२५
         = ०.१५ + ०.१२५ + ०.०३७५
         = ०.३१२५
```

मधल्या पायरीतले तीन आकडे म्हणजे ‘उशिरा’ या स्तंभातल्या तीन संयुक्त संभाव्यता आहेत. हा ताळा जुळला, तर संयुक्त, सीमांत आणि सशर्त या तिन्ही प्रकारची उत्तरे एकमेकांशी सुसंगत आहेत, असे खात्रीने म्हणता येते. तो करताना दशांश लवकर पूर्णांकित करू नयेत. शक्यतो अपूर्णांकच शेवटपर्यंत ठेवावेत.

## ८. सारणी टक्क्यांची निघाली तर

फोटोत शीर्षक नसेल आणि आकडे टक्क्यांचे आहेत अशी शंका असेल, तर १०० कुठे येतात ते शोधावे. प्रत्येक ओळीची बेरीज १०० येत असेल, तर ते ओळीचे टक्के आहेत आणि प्रत्येक चौकट म्हणजे ओळीच्या अटीखालची सशर्त संभाव्यता आहे. आपली सारणी तशी लिहिली, तर लोकलपुढे ७० आणि ३०, बसपुढे ६२.५ आणि ३७.५, चालतपुढे ७७.५ आणि २२.५ दिसतील. प्रत्येक स्तंभाची बेरीज १०० असेल, तर अट स्तंभाची. फक्त कोपऱ्यात एकदाच १०० येत असतील आणि आतल्या सर्व चौकटी मिळून १०० होत असतील, तरच आतले आकडे संयुक्त संभाव्यता दाखवतात.

ओळीचे टक्के असलेल्या सारणीतून, प्रत्येक ओळीत किती विद्यार्थी होते हे कळल्याशिवाय, संयुक्त किंवा स्तंभाची सीमांत संभाव्यता काढता येत नाही. लोकलने येणारे १२० असोत वा १०, त्यांच्यापुढे ७० आणि ३० च लिहिलेले असेल. अशा वेळी फोटो पाठवणाऱ्याकडून ओळींच्या संख्या मागवाव्यात. बऱ्याचदा त्या सारणीखालच्या बारीक अक्षरांतल्या टिपेत असतात, आणि ती टीप फोटोच्या खालच्या कडेबाहेर राहिलेली असते.

उत्तरपत्रिकेत मी प्रत्येक संभाव्यतेआधी छेदाचा गट शब्दांत लिहिते, उदाहरणार्थ ‘लोकलने येणाऱ्या १२० जणांपैकी’, आणि मगच अपूर्णांक मांडते. एखादा अंक वळणावरून किंवा वजाबाकीने ठरवला असेल, तर तेही त्याच ठिकाणी नोंदवते, म्हणजे मूळ सारणी हाती आल्यावर नेमकी कोणती ओळ पुन्हा पाहायची, हे तपासणाऱ्यालाही कळते.